मैत्रिणीला चाळीस पूर्ण होतायत आणि ती जाम घाबरलीये, मेसेज काय लिहू?

तळ्याकाठची
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. पुढच्या गुरुवारी माझ्या मैत्रिणीला चाळीस पूर्ण होतायत. आम्ही दोघी मिरजेच्या, बालवाडीपासून एका बाकावर, आता ती कल्याणला असते, एका पतसंस्थेत कामाला आहे. एरवी एकदम बिनधास्त बाई, पण गेले दोन महिने तिचं काहीतरी बिनसलंय. झालं असं की लेकीला ताप होता म्हणून रात्री ही औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी वाचायला गेली तर ती दिसेचना, पट्टी लांब धरली, जवळ धरली, मग लेकीलाच वाचायला लावली तर ती पोरगी तापात असूनसुद्धा म्हणते, आई तू आजीसारखं करतेयस. पोरगी हसली आणि ही बाथरूममध्ये जाऊन रडली. तेव्हापासून रोज मला व्हॉइस नोट, की बघ सुरू झालं, आता उताराला लागले, अजून काय काय जाणार देव जाणे. वाढदिवस करायचा नाही, केक आणला तर घराबाहेर काढीन अशी नवऱ्याला धमकी दिलीये.

मी एक मेसेज लिहिलाय, तो असा: "चाळिशीच्या हार्दिक शुभेच्छा म्हातारे! आता दात, केस, गुडघे या क्रमाने निरोप घेतील, घाबरू नकोस, मी कवळी घेऊन येते." वाचून माझा नवरा म्हणाला पाठवू नकोस. तुम्हाला काय वाटतं?

अर्धाचहा
नवऱ्याचं ऐक.

शेवंतीकाकू
अगं बाई, ती आधीच काय काय जाणार म्हणून मोजत बसलीये आणि तू तिला यादीच देतेयस होय! विनोद करावा पण ज्या जागी दुखतंय त्या जागी बोट घालून नव्हे. माझ्या वेळी आमच्या नणंदबाईंनी असाच चेष्टेचा सूर लावला होता, मी वरवर हसले पण आत लागलं ते लागलंच.

हिशोबी_माणूस
चाळिशी म्हणजे टर्म इन्शुरन्स घ्यायला आधीच उशीर झालेला असतो, हप्ता दरवर्षी वाढत जातो. मॅडमचं स्वतःचं कव्हर आहे का? आरोग्य विमा पतसंस्थेकडून असेल तर त्यावर विसंबू नये, नोकरी सुटली की तोही सुटतो. सविस्तर व्यनि केला आहे.

अर्धाचहा
साहेब तिला वाढदिवसाचा मेसेज द्यायचाय, वारसाचं नाव नाही विचारलं.

ठाणेकर_बाबू
हे चाळिशी लागणं वगैरे सगळं मोबाईलमुळे आहे. डोळ्याचे स्नायू दिवसभर जवळ बघून बघून दमतात आणि मग ढिले पडतात, शरीराचा कुठलाही स्नायू घ्या, तसंच. मी रोज सकाळी पेन नाकापासून लांब-जवळ करतो, डोळे गोल फिरवतो, एक्केचाळीस पूर्ण झाले तरी चष्मा नाही. आणि एक लक्षात ठेवा, एकदा चष्मा लावला की डोळा आळशी होतो आणि नंबर वाढतच जातो, त्यामुळे तिला सांगा शक्य तितकं टाळ. मेसेजमध्ये हेच लिहा, घाबरू नको व्यायाम कर, काम होईल.

नेत्रपाल
धागा वाचून राहवलं नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, वीस-एक वर्षं हेच काम. रोज दुकानात असा एक तरी माणूस येतो, खुर्चीत बसतो आणि पहिलं वाक्य "नाही हो, तसं सगळं दिसतं मला, फक्त औषधावरचं छापतात फार बारीक हल्ली."

बाबूराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. मोबाईल दिवसभर डोळ्यासमोर धरल्याने डोळे कोरडे पडतात कारण आपण पापणी कमी मिटतो, जडपणा येतो, कधीकधी जवळून मान वर केली की लांबचं काही क्षण धूसर दिसतं, त्यासाठी अधूनमधून लांब बघणं चांगलंच. पण जवळचं न दिसण्याचं कारण स्नायू नाही. स्नायू चाळिशीतही बऱ्यापैकी ठणठणीत असतो. बदलतं ते डोळ्यातलं भिंग. या भिंगावर जन्मापासून आतल्या आत नवे थर चढत राहतात आणि जुने थर कुठे गळून जात नाहीत, ते मध्यभागी दाबले जातात. त्यामुळे लहानपणी ताज्या खव्यासारखं मऊ असलेलं भिंग वयाबरोबर पेढ्यासारखं घट्ट होत जातं. जवळचं बघायचं म्हणजे या भिंगाला फुगायला लागतं, घट्ट भिंग फुगत नाही. मग स्नायूने कितीही जोर लावला आणि तुम्ही पेन कितीही नाचवलंत तरी पेढ्याचा खवा होत नाही.

तुम्ही एक्केचाळिसाव्या वर्षी चष्म्याशिवाय आहात यात मला काही नवल वाटत नाही, पुष्कळ लोक पंचेचाळीसपर्यंत ओढतात. श्रेय पेनला द्यायचं असेल तर माझी ना नाही.

ठाणेकर_बाबू
आणि नंबर वाढतो त्याचं काय? माझ्या मेव्हण्याने चष्मा लावला १ नंबरचा, तीन-चार वर्षांत दीड झाला. लावलाच नसता तर?

नेत्रपाल
तरी झाला असता. चष्मा न लावणाऱ्याचा पण वाढतो, फक्त त्याला तो नंबर माहीत नसतो, त्याला एवढंच माहीत असतं की पेपरवाल्यांनी टाईप बारीक केला. साधारण चाळीस-पंचेचाळीसला १ च्या आसपास सुरुवात होते, पन्नाशीत २ च्या जवळ, आणि साठीच्या सुमारास अडीच-तीनवर जाऊन थांबतो कारण भिंगाला अजून घट्ट व्हायला काही उरलेलंच नसतं.

वजा_चार
आमच्याकडे बघा आणि जळा. आयुष्यभर शाळेत बॅटरी, ढापण्या म्हणून घेतलं, आता वय ४६, बारीक काही वाचायचं असलं की चष्मा काढतो आणि डोळ्यासमोर धरून वाचतो. सगळे मित्र हॉटेलात मेनूकार्ड माझ्याकडे देतात. देवाच्या घरी देर आहे.

शेवंतीकाकू
त्यात काय एवढं, माझ्या भावाचं पण तसंच.

नेत्रपाल
वजा_चार, खरं आहे, मायनसवाल्यांना ही सवलत असते. पण चष्मा लावलेला असताना तुम्हालाही तोच त्रास होत असणार. होतो ना? म्हणूनच काढावा लागतो.

वजा_चार
ते जाहीर सांगायची काय गरज होती.

तळ्याकाठची
नेत्रपालदादा, एक विचारते. तिची तक्रार हीच आहे की अजून चाळीस पूर्ण पण नाही झाले आणि लगेच. म्हणजे तिच्या बरोबरीच्या दोघी जणी ऑफिसात आरामात वाचतात, हिलाच का. ती म्हणते माझं शरीर लवकर म्हातारं होतंय. फोन हल्ली जवळजवळ कोपर सरळ करून धरते, फॉन्ट एवढा मोठा केलाय की एका स्क्रीनवर माझा "ठीक आहे" मावत नाही. लांबचं मात्र एकदम स्वच्छ, लोकलचा बोर्ड सगळ्यांच्या आधी वाचते, त्याचा तिला लहानपणापासून अभिमान. संध्याकाळी हिशेब जुळवताना डोकं दुखतं, ते तर दोन-तीन वर्षांपासून आहे.

नेत्रपाल
ताई, हे सगळं तुम्ही आधी सांगायला हवं होतं हो, यात बरंच काही आहे. लांबचं सगळ्यांच्या आधी दिसणं आणि बारीक कामाने डोकं दुखणं, हे दोन्ही एकत्र असलं की मला आधी शंका येते ती छोट्या प्लस नंबरची. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण समजा तिला पाऊण नंबर प्लस आहे असं धरू. असे लोक लांबचं बघतानासुद्धा नकळत भिंग थोडं फुगवूनच बघत असतात. तरुणपणी ते कळत नाही कारण शिल्लक भरपूर असते.

आता हिशेबच मांडतो, ती पतसंस्थेतली आहे म्हणजे तिला पटेल. भिंगाची फुगायची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात. दहाव्या वर्षी ती १४-१५ असते, तिशीत ८-९, चाळिशीत ६ च्या जवळपास, पन्नाशीत २-३. माणसागणिक थोडं मागेपुढे. आणि असलेल्या ताकदीच्या साधारण निम्मीच आपण आरामात सतत वापरू शकतो, पूर्ण वापरली की डोकं दुखतं. म्हणजे तिच्याकडे वापरायला ३. फोन आपण साधारण ३० सेंटिमीटरवर धरतो, त्याला लागतात ३.३. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी अगदी काठावर आहेत, त्यांचं भागून जातंय. हिला त्यात तो पाऊण मिळवावा लागतो, झाले ४. खात्यात ३ आणि खर्च ४. मग ती काय करते, फोन ४५ सेंटिमीटरवर नेते, तिथे लागतात २.२ आणि पाऊण, म्हणजे जवळपास ३. बरोबर जमतं. कोपर सरळ करण्यामागे एवढंच गणित आहे. शरीर लवकर म्हातारं वगैरे काही झालेलं नाही, तिच्या खात्यातून लहानपणापासून एक छोटा हप्ता जास्तीचा कटत होता आणि तो आत्ता दिसला.

आणि आकडे परत एकदा बघा. सगळ्यात मोठी घट दहा ते चाळीस या काळात झालेली आहे, पंधराचे सहा. त्या तीस वर्षांत कुणी हाय खाल्ली?

अर्धाचहा
हे जबरी आहे. म्हणजे चौथीत असल्यापासूनच घसरगुंडी सुरू.

तळ्याकाठची
थांबा थांबा. म्हणजे ती म्हणते चाळीसला "सुरू झालं" ते खरं म्हणजे चौथीतच सुरू झालं होतं? आम्ही चौथीत असताना ती मारुती स्तोत्र एका दमात म्हणायची आणि डब्यातली पोळी मला द्यायची. मला मेसेज सापडायला लागलाय बहुतेक.

धोंडोपंत_७२
या सगळ्या चष्म्याच्या गोष्टी मनाच्या आहेत. मी स्वतःचं उदाहरण देतो. पंचेचाळीसला चष्मा लागला, पंचवीस वर्षं वापरला, आणि आता गेल्या वर्षापासून चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचतो. वय वर्षं ७२. रोज पहाटे उठून त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतो. निसर्गाकडे वळा. मैत्रिणीला सांगा वय उलटं फिरवता येतं.

शेवंतीकाकू
भावजी खरंच? किती त्रिफळा, किती पाणी?

नेत्रपाल
काकू जरा दम धरा. काका, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सत्तरीत अचानक चष्म्याशिवाय जवळचं दिसायला लागलं तर ते बहुतेक वेळा मोतीबिंदूचं लक्षण असतं. भिंगाचा मधला भाग जास्त घट्ट आणि पिवळट होतो, त्याने डोळ्याला मायनस नंबर येतो, आणि मायनसवाल्याला जवळचं आपोआप दिसतं, वरती वजा_चार यांनी सांगितलंच आहे. लांबचं कसं दिसतंय? रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं का, पांढरा शर्ट थोडा पिवळट वाटतो का? आणि घरी केलेलं कुठलंही पाणी डोळ्यात घालू नका, ते निर्जंतुक नसतं.

धोंडोपंत_७२
लांबचं जरा धूसर आहे. पण ते धुळीमुळे असावं, आमच्या रस्त्याचं काम चालू आहे.

नेत्रपाल
काका, या आठवड्यात दाखवून या. एवढं माझं ऐका.

जर्सीकर_अमोल
इथे अमेरिकेत थेंब मिळतात की हे, सकाळी टाकायचे आणि काही तास जवळचं दिसतं. २०२१ ला मान्यता मिळाली. माझ्या मॅनेजरने वापरले होते. भारतात पण येणार अशी बातमी वाचली होती मधे. मैत्रिणीला तेच गिफ्ट द्या, चष्म्याची भानगडच नको.

नेत्रपाल
ते पिलोकार्पिनचे थेंब. भारतात २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका कंपनीला परवानगी मिळाली आणि जाहिरातीत नको ते दावे केले म्हणून सप्टेंबरमध्ये ती स्थगित झाली, मला तेव्हा रोज चार लोक येऊन विचारायचे. थेंब भिंगाला काही करत नाहीत, फक्त बाहुली बारीक करतात. बारीक छिद्रातून बघितलं की सगळं स्पष्ट दिसतं एवढाच त्यातला मुद्दा. पण बाहुली बारीक म्हणजे उजेड कमी, रात्री गाडी चालवताना पंचाईत, काहींचं कपाळ दुखतं, आणि डॉक्टरांनी पडदा तपासल्याशिवाय घालायचे नसतात.

फुकटातला प्रयोग करायचा तर मूठ अशी वळा की आत सुईच्या नेढ्यापेक्षा थोडं मोठं छिद्र राहील, ते डोळ्याला लावून त्यातून औषधाच्या पट्टीवरची तारीख बघा, दिसते. आणि दिव्याखाली बघितलं तरी बाहुली बारीक होऊन फरक पडतो. म्हणून तर हॉटेलातल्या अंधुक दिव्यात मेनूकार्ड दिसत नाही आणि तेच कार्ड दुपारी रस्त्यावर उभं राहून धडाधड वाचता येतं. ताईंच्या मैत्रिणीने तापाच्या रात्री झिरोच्या बल्बमध्ये पट्टी वाचायचा प्रयत्न केला असणार, दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत कदाचित वाचली असती.

अर्धाचहा
मुठीतून बघितलं. दिसलं. बायको विचारतेय काय चाललंय.

ठाणेकर_बाबू
मी पण बघितलं. मला मुठीशिवाय पण दिसतं पण मुठीतून जास्त स्पष्ट दिसलं. याचा अर्थ काय?

नेत्रपाल
याचा अर्थ येऊन जा एकदा.

तळ्याकाठची
मंडळी, मेसेज नव्याने लिहिलाय. तिला मोठा मेसेज चालतो, आमचे सगळेच मेसेज मोठे असतात. वाचा आणि सांगा:

"ए बाई. गुरुवारी तुला चाळीस लागतील, त्याच्या आधी पाठवतेय कारण त्या दिवशी तू फोन बंद करून बसशील हे मला माहितीये. फॉन्ट मोठा कर आणि दिव्याखाली बस.

तू म्हणालीस सुरू झालं. मी एका जाणकार माणसाला विचारलं. तो म्हणाला तुमच्या मैत्रिणीच्या डोळ्यातला खवा दहाव्या वर्षापासून घट्ट होतोय. म्हणजे चौथीत. म्हणजे तू मला डब्यातली पोळी द्यायचीस तेव्हा. दहावीला मला भूमिती शिकवलीस तेव्हा चालू होतं, पप्पा गेले तेव्हा तू रात्रीच्या गाडीने आलीस तेव्हा चालू होतं, लेक झाली, पतसंस्थेची परीक्षा पहिल्या झटक्यात काढलीस, त्या हरामखोर शेजाऱ्याला सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा आडवा घेतलास, तेव्हा सगळा वेळ चालू होतं आणि तुला पत्ता पण नव्हता. पंधरातले नऊ गेले तेव्हा तू एकदाही रडली नाहीस, आता राहिलेल्या सहासाठी बाथरूम अडवून ठेवू नकोस, घरात एकच आहे.

आणि तो असंही म्हणाला की तुला बहुतेक लहानपणापासून छोटा प्लस नंबर आहे, त्यामुळे तुझा डोळा सगळ्यांपेक्षा जास्त काम करून तेवढंच दिसवत होता. मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. घरात, ऑफिसात, सगळीकडे तू तेच करतेस.

तुला भीती वाटतेय ना की एकेक जाणार, तर काही काही जाईल, मी खोटं बोलणार नाही, माझा उजवा गुडघा जिन्यात बोलायला लागलाय. पण ते मी तुला सांगीन आणि तू मला सांग, रात्री व्हॉइस नोटवर, रडत सांगितलंस तरी चालेल. शनिवारी मी कल्याणला येतेय. आपण दोघी डोळे तपासायला जाऊ, तू मला फ्रेम निवडून दे, मी तुला देते, मांजराच्या डोळ्यांची पाहिजे तर तीही घेऊ. आणि येताना केक नाही आणत, कंदी पेढे आणतेय, का ते भेटल्यावर सांगते. पोरीला सांग आजीसारखं दिसायला वीस वर्षं मेहनत लागते, आई आत्ता कुठे उमेदवारी करतेय."

शेवंतीकाकू
माझ्या डोळ्यात पाणी आलं गं. फक्त ते हरामखोर काढ.

अर्धाचहा
हरामखोर राहू दे. तेच सगळ्यात खरं वाटतं.

वजा_चार
शेवटच्या परिच्छेदात "काही काही जाईल" आहे ते मला नाही पटलं. वाढदिवसाला कशाला ते. बाकी एक नंबर. म्हणजे प्लस एक नंबर.

शेवंतीकाकू
नाही, ते असू दे. माझ्या चाळिशीला सगळे म्हणाले छे तू कुठे म्हातारी, अजून कॉलेजातली दिसतेस. एकही जण खरं बोलेना, मग मला वाटलं हे इतकं झाकतायत म्हणजे फारच वाईट असणार.

वजा_चार
तरी मी काढलंच असतं.

नेत्रपाल
मेसेज छान आहे. "तेवढंच दिसवत होता" हे शास्त्राच्या दृष्टीनेसुद्धा बरोबर आहे. पण तो प्लस नंबर माझा अंदाज आहे, तुम्ही "बहुतेक" लिहिलंय ते काढू नका. शनिवारी नुसता जवळचा नंबर काढून येऊ नका. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि आतली नस एकदा बघून घ्यावी, काचबिंदूमध्ये सुरुवातीला काहीच दुखत नाही, कडेचं दिसणं हळूहळू कमी होतं आणि माणसाला कळत नाही. घरात कुणाला असेल तर नक्कीच सांगा तिथे. आणि रक्तातली साखर केव्हा बघितली होती? नंबर आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होत असेल तर ते चाळिशीचं लक्षण नाही, साखर तपासावी लागते. एका डोळ्यानेच कमी दिसणं, सरळ रेघ वाकडी दिसणं, असलं काही असेल तर शनिवारची वाट बघायची नाही. एक एक डोळा झाकून खिडकीच्या चौकटीकडे बघायला सांगा, मिनिटभराचं काम आहे.

तळ्याकाठची
तिच्या आईला काचबिंदू आहे दादा. थेंब चालू आहेत.

नेत्रपाल
मग दाब आणि नस बघायलाच पाहिजे. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. घाबरवू नका तिला, आईला आहे म्हणजे हिला होईलच असं नाही, पण दरवर्षी बघावं लागेल. मेसेजमध्ये हे लिहू नका, शनिवारी रिक्षात सांगा.

जर्सीकर_अमोल
प्रोग्रेसिव्ह घ्यायला सांगा थेट, एकाच चष्म्यात सगळं.

अर्धाचहा
माझ्या बायकोने प्रोग्रेसिव्ह घेतला, बारा हजार, आठवडाभर जिना उतरताना कठडा धरून. म्हणते पायरी तरंगते. शेवटी पडून आहे ड्रॉवरमध्ये.

जर्सीकर_अमोल
सवय लागते, मला दोन आठवडे लागले.

नेत्रपाल
दोघांचं खरं आहे. खालच्या भागात जवळचा नंबर असतो म्हणून पायरी धूसर दिसते, जिन्यात मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून बघायची सवय करावी लागते. काहींना जमत नाही. सुरुवातीच्या १ नंबरला सवय लवकर होते हे प्रोग्रेसिव्हच्या बाजूने, आणि तिला दिवसभर टेबलावरच काम आहे, साधा जवळचा चष्मा पुरेल हे दुसऱ्या बाजूने. तिने लावून बघून ठरवावं.

ठाणेकर_बाबू
स्टेशनबाहेर दीडशे रुपयात मिळतात तयार, +१, +१.५. ते काय वाईट?

नेत्रपाल
डोळा बिघडत नाही त्याने. पण दोन्ही काचांना एकच नंबर असतो, आणि काचेचा मध्य तुमच्या बाहुल्यांसमोर येईलच असं नाही, त्यात डोकं दुखतं. तपासून झाल्यावर एखादा स्वयंपाकघरात पडलेला असावा, माझ्या घरी पण आहे. तपासणीच्या ऐवजी नको.

तळ्याकाठची
पाठवला. हरामखोर ठेवलाय, काकू सॉरी.

तळ्याकाठची
दोन निळ्या टिका आल्या, वीस मिनिटं काही नाही, माझा जीव टांगणीला. मग व्हॉइस नोट आली, चार मिनिटांची. पहिली दोन मिनिटं नुसती नाक ओढतेय. मग म्हणाली भूमिती मी शिकवली नव्हती, ते प्रमेय तुझं तुलाच आलं होतं, मी फक्त आकृती काढून दिली. मग शेजाऱ्याला घेतला परत. शेवटी म्हणाली शनिवारी ये पण वाढदिवस साजरा करायचा नाही तो नाहीच. नवऱ्याला मात्र सांगितलंय की रात्रीच्या जेवणाला पाहुणी आहे, श्रीखंड आण.

शेवंतीकाकू
श्रीखंड आलं म्हणजे झालाच की गं वाढदिवस.

वजा_चार
"काही काही जाईल" वर काय म्हणाली?

तळ्याकाठची
त्यावर काहीच बोलली नाही. तिला लागलं का बरं वाटलं, मला कळलं नाही, शनिवारी बघू.

धोंडोपंत_७२
आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. नेत्रपाल म्हणतात तेच निघालं, दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. ऑपरेशनची घाई नाही म्हणाले, पण रात्री स्कूटर चालवू नका म्हणाले. भिंग बसवताना लांबचं दिसणारं घ्यायचं का जवळचं हे मला ठरवायला सांगितलंय. मला पेपरही वाचायचा असतो आणि ब्रिजही खेळायचा असतो. काय घ्यावं?

हिशोबी_माणूस
काका मेडिक्लेम किती वर्षांचा आहे? व्यनि बघा.